खळ घातलेली इरकल

एका कथेसाठी चित्र हवं होतं. कथेतली बाई निवृत्तीला आलेली प्राथमिक शिक्षिका. सकाळची एसटी गाठायला ती थांब्यावर उभी आहे. अंगावर हिरवी सुती इरकल, बारीक चौकड्याची, लाल रेशमी काठाची. पदर लाल, त्यावर पांढरी टोपं. साडी घरीच धुतलेली, खळ घातलेली, इस्त्री केलेली. कथेत तिच्या साडीचं वर्णन दोनच ओळींत येतं, पण बाईचा सगळा नेटकेपणा त्या दोन ओळींत आहे. चित्र मजकुरावरून प्रतिमा तयार करणाऱ्या साधनातून करायचं ठरलं आणि मी पहिली सूचना लिहिली:

```
Indian woman in a beautiful green Irkal saree with
red border, bus stop, high quality, detailed
```

समोर आली ती हिरव्या सॅटिनमधली एक तरुणी. साडीवर ओल्या रेनकोटसारखी चमक, कापड मांड्यांना चिकटलेलं, काठावर सोनेरी रंगाची नक्षी ओघळल्यासारखी. निऱ्या कमरेशी पाच होत्या. गुडघ्यापाशी त्यांचा एकच लोळा झाला होता आणि पावलांपाशी पुन्हा नऊ झाल्या होत्या. चेहरा, थांबा, सकाळ सगळं बऱ्यापैकी जमलं होतं. पण साडी खोटी असल्यामुळे बाईही खोटी वाटत होती.

हे का होतं ते समजून घेतलं की पुढची निम्मी वाट सोपी होते. अशी साधनं चित्र आणि त्याखालची ओळ यांच्या प्रचंड मोठ्या संग्रहावरून शिकलेली असतात. साडीची जी छायाचित्रं जाळ्यावर भरपूर आहेत ती लग्नांची, दुकानांच्या जाहिरातींची, चित्रपटांच्या समारंभांची. त्यांत प्रखर दिवे असतात आणि झळकणारं कापड असतं. शाळेत जाणाऱ्या बाईच्या खळीच्या साडीचा फोटो कोणी सहसा काढत नाही, आणि काढलाच तर त्याखाली ‘खळ घातलेली’ असं लिहीत नाही. त्यामुळे नुसतं ‘साडी’ म्हटलं की साधन त्याच्या ओळखीच्या, म्हणजे चकचकीत साडीकडे धावतं. ‘सुंदर’ आणि ‘उच्च दर्जा’ हे शब्द त्याला त्याच दिशेला आणखी ढकलतात. त्यात इरकल हे गाव कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात. इंग्रजीत त्याचं नाव बहुधा `Ilkal` असं लिहितात. मी आपल्या उच्चाराप्रमाणे लिहिलं, म्हणजे होती नव्हती ती ओळखही पुसून टाकली.

पण स्पेलिंग सुधारून फारसा फरक पडला नाही, आणि तिथेच मला खरी गोम कळली. कापडाच्या नावावरून कापडाचं चित्र होत नाही. आपण ‘इरकल’ म्हटलं की तिचा पोत, वजन, वास, धुतल्यावरचा कडकपणा सगळं आपल्या मनात येतं, कारण आपण ती हाताळलेली असते. साधनाने ती फक्त पाहिलेली असते, तीही थोडी. त्याला सांगायचं ते डोळ्यांना दिसणारं: कापड किती जड आहे, किती ताठ आहे, आणि त्यावर पडलेला उजेड कसा परत येतो.

यासाठी लागणारी भाषा आपल्याकडे आहे. दुकानात साडी खांद्यावर टाकून आरशासमोर उभ्या राहिलेल्या बायकांचं बोलणं आठवा. ‘ही फुगते गं.’ ‘ही कशी चापून बसते.’ ‘सुळसुळीत आहे, निऱ्या राहायच्या नाहीत.’ ‘अंगाने हलकी आहे पण कडक आहे.’ यातलं प्रत्येक वाक्य कापडाच्या पडण्याबद्दलचं नेमकं निरीक्षण आहे. सूचना इंग्रजीत लिहायची असेल तर ‘फुगते’ याचं ‘कापड अंगापासून दूर उभं राहतं’ असं दिसणारं वर्णन करायचं, ‘चापून बसते’ याचं ‘अंगालगत सरळ खाली येतं’ असं, एवढंच काम उरतं.

कापडाचं पडणं मोजताही येतं. एफ. टी. पियर्स या ब्रिटिश संशोधकाने १९३० साली कापडाच्या हाताला लागणाऱ्या गुणांवर निबंध लिहिला. त्याची युक्ती साधी होती. कापडाची पट्टी एका सपाट कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. ती स्वतःच्या वजनाने वाकत वाकत ठरावीक कोनापर्यंत खाली आली की किती लांबी बाहेर आली ते मोजायचं. ताठ कापड बरंच बाहेर येईपर्यंत वाकत नाही, लुळं कापड कडेपाशीच मान टाकतं. हा प्रयोग टेबलाच्या कडेवर खळ घातलेला रुमाल आणि जॉर्जेटची ओढणी घेऊन घरी करता येतो, फरक लगेच दिसतो. पुढे १९६० च्या दशकात क्यूसिक याने पडण्याची मोजणी बसवली. ३० सेंटिमीटर व्यासाचं गोल कापड १८ सेंटिमीटरच्या तबकडीवर ठेवायचं आणि खाली लोंबणाऱ्या कडेची सावली मोजायची. सावली मोठी तर कापड ताठ, लहान तर मऊ.

चित्रासाठी या प्रयोगातली सर्वांत उपयोगी गोष्ट सावलीचं क्षेत्रफळ ही नाही, तर घड्यांची संख्या आहे. ताठ कापड तबकडीवरून खाली येताना थोड्या आणि रुंद घड्या घालतं. मऊ कापड त्याच घेरात पुष्कळ आणि अरुंद घड्या घालतं. एवढं एक सूत्र धरलं की ‘ताठ’ हा न दिसणारा गुण ‘थोड्या, रुंद, टोकदार कडांच्या घड्या’ असा दिसणारा होतो. शिफॉन किंवा जॉर्जेट हवं असेल तर ‘अनेक बारीक, गोलसर, वाहत्या घड्या’ असं म्हणायचं. चंदेरी हलकी असूनही फुगते, कारण तिच्यातल्या पारंपरिक रेशमी धाग्याचा नैसर्गिक डिंक काढून टाकलेला नसतो. म्हणून तिला ‘हलकी, पारदर्शक, पण कडक, अंगापासून थोडी सुटलेली’ असं सांगावं लागतं. नुसतं ‘तलम’ म्हटलं तर ती शिफॉनसारखी गळून पडते.

आमच्या शिक्षिकेच्या साडीला हे लावून पाहिलं. खळ म्हणजे धाग्यांना धरून ठेवणारा पिठाचा पातळ थर. खळीच्या सुती साडीच्या निऱ्या हाताच्या पंजाएवढ्या रुंद असतात, सहा-सात भरतात आणि पंख्यासारख्या एकावर एक बसतात. प्रत्येकीची कड कागदाच्या घडीसारखी स्पष्ट दिसते. खाली फॉल लावलेला असतो, त्या पट्टीच्या वजनाने निऱ्या पावलापर्यंत सरळ येतात आणि जमिनीशी किंचित उघडतात. पदर खांद्यावर चपटा बसतो, पण खांदा ओलांडला की अंगाला चिकटत नाही, पाठीमागे फळीसारखा सरळ उतरतो. बसून उठलं की मांडीवर आडव्या सुरकुत्या राहतात. बाई अजून थांब्यावरच उभी होती, म्हणून त्या मी वगळल्या. दुसरी सूचना अशी झाली:

```
starched handloom cotton saree, stiff and dry, standing
slightly away from the body, six wide flat pleats with
sharp edges falling straight to the feet
```

‘सुंदर’ आणि ‘उच्च दर्जा’ काढून टाकले. शब्द जपून वापरावे लागतात, हेही इथेच कळलं. `drapes` म्हणजे पडदे, `fall` म्हणजे पानगळ, आणि कापडाच्या स्पर्शासाठी विणकामाच्या पुस्तकांत येणारा `hand` म्हणजे साधनाच्या लेखी हाताचा पंजा. वर्णनही आटोपशीर हवं. २०२२ साली खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सूचनेचे ७७ तुकडेच वाचत, पुढचं कापलं जाई. नवी साधनं बरंच जास्त वाचतात, पण कापडाचं वर्णन आधी आणि थांब्यावरच्या पाटीचं नंतर ही सवय अजूनही उपयोगी पडते.

आकार सुधारला. साडी आता उभी राहिली होती. चमक मात्र गेली नव्हती, आणि मला सर्वांत जास्त वेळ तिथेच लागला.

उजेडाची गोष्ट धाग्यापासून सुरू होते. कापसाचा तंतू चपटा आणि पिळलेला असतो, सूतही केसाळ असतं. त्यावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो, म्हणून सुती कापडावर झळाळीची रेघ उठत नाही. उजेडाची बाजू फिकट आणि सावलीची गडद, एवढाच सौम्य फरक दिसतो. रेशमाचा तंतू गुळगुळीत, साधारण त्रिकोणी छेदाचा. तो उजेड एका दिशेने परत फेकतो, म्हणून घडीच्या माथ्यावर झळाळी उठते. सॅटिनमध्ये धागे बराच अंतर न गुंतता वरून मोकळे धावतात, त्यामुळे चमक आणखी अरुंद आणि तीव्र होते. जॉर्जेटच्या धाग्याला भरपूर पीळ असतो, त्याचा पृष्ठभाग बारीक रवाळ होतो आणि चमक विझते. धूपछावीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून घडीची एक बाजू जांभळी आणि दुसरी हिरवी दिसते. पैठणी काढायची तर हे सांगावंच लागतं, नाहीतर साधन दोन रंग मिसळून तिसराच मळकट रंग देतं.

आणि इरकलीत तर एकाच कापडावर दोन उजेड असतात. अंग सुती, कोरडं, न चमकणारं. काठ आणि पदर रेशमी, झळकणारे. ही जोडीच इरकलीची ओळख आहे. साधनाची खोड अशी की ते एक पोत ठरवतं आणि तोच सगळ्या साडीवर फिरवतं. ‘रेशमी काठ’ म्हटलं की अंगही रेशमी होतं, ‘सुती’ म्हटलं की काठावरचा जीव जातो. म्हणून दोन्हींची वाक्यं वेगळी करावी लागली:

```
saree body: matte green cotton, soft shadows, no highlights.
saree border: red silk, four fingers wide, thin bright
highlight only along the border. low morning light from
the left side
```

शेवटचं वाक्य मी आधी विसरले होते आणि ते फार महत्त्वाचं निघालं. समोरून पडणारा उजेड पोत पुसून टाकतो. फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत खादी आणि पॉलिएस्टर सारखीच दिसतात. तिरपा, खालचा उजेड प्रत्येक घडीला सावली देतो, आणि ताठपणा सावलीच्या कडेतूनच कळतो. ‘चमक नको’ हेही मुख्य सूचनेत लिहून बऱ्याचदा उलटच होतं. पुष्कळ साधनांना नकार नीट कळत नाही, चमक हा शब्द मात्र कळतो. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असेल तर `satin, glossy, wet` तिथे टाकावेत. नसेल तर `matte` हा होकारार्थी शब्द पुरतो. वरच्या सूचनेतलं `no highlights` मी पुढच्या फेरीत काढलं आणि चित्र सुधारलं.

पोत दाखवण्याच्या हौसेत आणखी एक चूक होते. तिसऱ्या फेरीत मी ‘वीण स्पष्ट दिसावी’ असं लिहिलं आणि बाईला गोणपाट नेसवलं गेलं. हे का झालं त्याचा हिशेब सोपा आहे. चित्राची उंची समजा १०२४ बिंदू आणि त्यात बाई सुमारे ९०० बिंदूंत उभी आहे. तिची उंची १६० सेंटिमीटर धरली तर एका बिंदूत जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर कापड येतं. सुती साडीत सेंटिमीटरला वीस धागे धरले तरी एका बिंदूत तीनाहून जास्त धागे बसतात. म्हणजे पूर्ण उभ्या चित्रात वीण दिसणं शक्यच नाही. खऱ्या फोटोतही ती दिसत नाही. तरी दाखव म्हटलं तर साधन धागे दहापट जाड करून दाखवतं, आणि आपल्या डोळ्याला लगेच तरट वाटतं. पूर्ण आकृतीत पोत कळतो तो घडीच्या कडेवरून आणि उजेडावरून. खांद्यापासून कोपरापर्यंत चाळीस सेंटिमीटर कापड हजार बिंदूंत घेतलं, तर धाग्यातल्या जाड-बारीक गाठी आणि काठाची किनार दाखवता येते. वीण मागायची तर चौकट आधी जवळ आणावी.

हाच हिशेब कुर्त्याला लागतो. खादीच्या कुर्त्याचा पूर्ण उभा फोटो हवा असेल तर खादीच्या गाठी मागू नयेत, कापडाचं वागणं मागावं. कुर्ता शिवलेला असतो, त्यामुळे त्याच्या घड्या साडीसारख्या घातलेल्या नसतात, ताणाने पडलेल्या असतात. त्यांना उगम असतो. काखेतून छातीकडे तिरप्या जाणाऱ्या दोन-तीन, वाकलेल्या कोपराच्या आतल्या बाजूला दाटलेल्या, खांद्याच्या टोकातून सरळ खाली उतरणाऱ्या. साधन कुठूनही सुरू होणाऱ्या आणि कुठेही विरणाऱ्या घड्या काढतं, म्हणून कुर्ता वितळलेल्या मेणासारखा दिसतो. बाईला किंवा पुरुषाला काही करायला लावलं, हात वर, पिशवी खांद्यावर, की घड्यांना ताणाचं कारण मिळतं आणि त्या आपोआप सुधारतात. लिननच्या सुरकुत्या टोकदार आणि टिकणाऱ्या असतात, मलमलच्या बारीक आणि मऊ. बाजूच्या कटाशी कापडाची दुमडलेली कड आणि शिलाई दिसायला हवी. ती नसेल तर कुर्ता कागदातून कापल्यासारखा वाटतो.

आमची बाई चौथ्या फेरीत थांब्यावर खरीखुरी उभी राहिली. तरीही मी छापायला देण्याआधी तिची साडी बोटाने तपासली. काठावर कमरेपाशी बोट ठेवायचं आणि तो धरून पावलापर्यंत जायचं. मध्येच काठ नाहीसा झाला किंवा दुसऱ्या निरीवर उडी मारून गेला तर साडी खोटी. वरच्या निऱ्या मोजायच्या, खालच्या मोजायच्या. अंगावरचा चौकडा बघायचा. चौकड्याची रेघ घडीवर आली की वळते, घडीच्या आत तुटते आणि पलीकडे सरकून पुन्हा निघते. ती घडीवरून सरळच गेली असेल तर कापडाला खोली नाही, ते छापील कागदासारखं दिसतं. शेवटी पदर: डाव्या खांद्यावर, आणि त्याचा उगम निऱ्यांकडून वर येणारा. इथे ‘डावा’ शब्द घोळ करतो, कारण साधन चित्र पाहणाऱ्याचा डावा धरू शकतं. ‘चित्राच्या उजव्या बाजूच्या खांद्यावर’ असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

या तपासणीत चौकडा आणि पदर नापास झाले. चौकड्यासाठी शब्द पुरेनात. मग माझ्याच कपाटातली चौकड्याची सुती साडी खळ घालून खुर्चीच्या पाठीवर निऱ्यांसारखी टाकली, खिडकीच्या तिरप्या उजेडात फोनने फोटो काढला, आणि तो संदर्भ म्हणून दिला. मूळ फोटोपासून किती दूर जायचं याचं प्रमाण अशा साधनांत शून्य ते एक असं ठरवता येतं. ०.७ वर साधनाने फोटो बाजूला ठेवून मनाचंच काढलं, ०.२ वर खुर्चीसुद्धा तशीच राहिली, ०.४ च्या आसपास चौकडा घडीत वळला.

पदर मात्र झाला नाही. इरकलीचा पदर अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडलेला असतो, आणि त्यावरची टोपं, म्हणजे देवळाच्या शिखरासारखी पांढरी टोकं, विणकराने मोजून बसवलेली असतात. साधनाने कधी त्यांचे करवतीचे दाते केले, कधी पानं, एकदा इंग्रजी अक्षरांसारखं काहीतरी. फक्त तेवढा भाग निवडून तो पुन्हा काढायला सांगितला, सहा वेळा. टोपं एकसारखी होत, पण त्यांची मोजणी प्रत्येक वेळी वेगळी येई. मला हे चित्र कथेसाठी हवं होतं, साडी विकण्यासाठी नव्हे. विक्रीसाठी असतं तर इथेच थांबून खऱ्या साडीचा फोटो लावला असता, कारण गिऱ्हाईक टोपांचेच पैसे देतं. शेवटी मी बाईला थोडं वळवलं. पदर पाठीमागे गेला, त्याची लाल रेशमी कड आणि दोन पांढरी टोकं तेवढी खांद्यावर दिसत राहिली. एसटी उजवीकडून येत होती, तिच्याकडे बघायला बाई वळली असेल असंच वाचणाऱ्यांना वाटलं.